बाळाचा टब स्टुलावर नको

"बाळाचा टब स्टुलावर ठेवा, आईला वाकावं लागत नाही. पाणी आपल्या हाताला सोसलं की बाळालाही सोसतं. खाली रबरी मॅट टाकली की घसरायची भीती नाही." असा सल्ला नव्या आईला सर्रास दिला जातो, पण त्यातल्या तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

आधी उंचीचं. पाणी जाळीकडे जावं म्हणून बाथरूमच्या फरशीला उतार दिलेला असतो, त्यामुळे स्टुलाचा एखादा पाय नीट टेकतच नाही. वर टबात सात लिटर, म्हणजे सात किलो पाणी आणि पाय झाडणारं बाळ. भाचीच्या वारज्याच्या घरी रिकामा असताना घट्ट उभा असलेला स्टूल पाणी भरल्यावर कोपराच्या धक्क्याने डुगडुगला. बाळ अजून आजीकडे होतं म्हणून निभावलं. टब जमिनीवरच ठेवा, जाळीपासून लांब, आणि पाणी भरल्यावर चारही कोपरे दाबून पाहा. आईने बुटक्या पाटावर बसावं. टाके दुखत असतील तर काही दिवस अंघोळ दुसऱ्या कुणी घालावी. पायांवर घेऊन न्हाऊ घालणाऱ्या बायकाही जमिनीवरच बसतात, तिथून बाळ पडायला जागाच नसते.

पाण्याची चूक मला सगळ्यांत धोक्याची वाटते. रोज गरम पाण्यात घालून घालून आपले तळहात निबर झालेले असतात, बाळाची कातडी फार पातळ असते. त्यात पुण्यात कितीतरी सोसायट्यांमध्ये सोलरचं पाणी, ते रोज सारखं तापत नाही. समजा जानेवारीत टाकीचं पाणी २० अंश आहे आणि सोलरचं ६०. चार मग गार, तीन मग गरम घेतलं की टबात साधारण ३७ अंश होतं, अगदी हवं तेवढं. हीच सवय मे महिन्यात दुपारी ठेवली, टाकीचं पाणी २८ आणि सोलरचं ७० असलं, तर त्याच सात मगांत ४६ अंश होतं. बाळ पोळेल. म्हणून नुसते मग मोजून भागत नाही. आधी गार, मग गरम ओता, तळापर्यंत ढवळा आणि मगच कोपर बुडवा. कोपराला ते कोमट लागावं, गरम नाही. टबाचा थर्मामीटर असेल तर ३७ ते ३८ अंश. बाळ आत असताना नळ सोडायचा नाही, कारण खालच्या मजल्यावर कुणी गार पाणी घेतलं की मिक्सरमधून एकदम कढत पाणी येऊ शकतं.

मॅटचे रबरी चोषक गुळगुळीत पृष्ठभागावरच चिकटतात. हल्लीच्या खरखरीत टाइल्सवर ते धरत नाहीत. मॅट ओली करून पायाने आडवी ढकला, सरकली तर काढून टाका. खरी घसरण तेलाची असते. मालिश खोलीत करा, आपले हात आणि तळपाय साबणाने धुऊनच बाथरूममध्ये या, टबाच्या तळाशी जुना सुती पंचा अंथरा. बाळाच्या मानेखालून हात घालून त्याचा पलीकडचा दंड धरा आणि टॉवेल आधीच मांडीवर घ्या, म्हणजे तो हात सोडावा लागणार नाही.