‘दिवसभर साइट बंद’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

“एक स्टार. सोमवारी ऐन ॲडमिशनच्या दिवशी क्लासची वेबसाइट बंद. आमच्या ऑफिसात तर मंगळवारी सकाळपर्यंत चालली नाही. मध्येच दुसऱ्याच कुणाची साइट दिसत होती, म्हणजे हॅक झाली होती. ‘दहा मिनिटांत होईल’ म्हणाले, आणि वर फिक्स आयपीचे ५०० रुपये लावले. पैसे काढायचे धंदे.”

नमस्कार सर. ॲडमिशनच्या दिवशी तुम्हाला आणि पालकांना त्रास झाला, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहोत. पण शेवटचं वाक्य जिव्हारी लागलं. आमचं काम लहान आहे, नवीन माणूस फोन करण्याआधी हेच पान उघडून बघतो. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

सर्व्हर आम्ही बंद केला नव्हता. शनिवारी रात्री दहाला तुमच्याकडच्याच मुलाने AWS या ॲमेझॉनच्या भाड्याच्या सर्व्हर सेवेच्या कन्सोलवर जाऊन Stop instance केलं. रविवारी क्लासला सुट्टी, मग भाडं कशाला भरायचं, असा त्याचा हिशेब. तो हिशेब खोटा नाही; मशीन स्टॉप असताना तिचं तासाचं भाडं लागत नाही, फक्त डिस्कचं लागतं. सोमवारी साडेआठला त्याने Start केलं, कन्सोलवर Running आलं आणि तो चहाला गेला.

घोळ तिथेच आहे. AWS वरच्या EC2 मशीनला आपोआप मिळणारा पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, मशीन चालू असेपर्यंतच आपला असतो. Stop केलं की तो सुटतो आणि ॲमेझॉनच्या साठ्यात परत जातो. Start केलं की साठ्यातला दुसरा मिळतो. Reboot केलं असतं तर तोच राहिला असता. आतला प्रायव्हेट आयपी, डिस्क, विद्यार्थ्यांचा डेटा, सगळं जसंच्या तसं असतं, त्यामुळे कन्सोलवर बघणाऱ्याला काही बिघडलंय असं वाटतही नाही. डोमेनचं नाव कुठल्या आयपीवर न्यायचं हे डीएनएसमधल्या ए रेकॉर्डमध्ये लिहिलेलं असतं, आणि तुमच्या ए रेकॉर्डमध्ये मात्र जुनाच आयपी होता. डीएनएसला कुणी कळवल्याशिवाय नवा पत्ता कळत नाही.

आता हॅकचं. तुम्ही व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो अजून माझ्याकडे आहे. त्यात खाली स्पष्ट NET::ERR_CERT_COMMON_NAME_INVALID दिसतंय. याचा अर्थ ब्राउझर सांगत होता की मागितलं एक नाव आणि समोर सर्टिफिकेट आलं भलत्याच नावाचं. तुम्ही सोडलेला आयपी एव्हाना दुसऱ्या कुठल्या तरी गिऱ्हाइकाला मिळाला होता आणि तुमचं डोमेन लोकांना त्याच्या दारात नेऊन सोडत होतं. Advanced वर क्लिक करून तुम्ही पुढे गेलात म्हणून त्याचं पान दिसलं. तुमच्या सर्व्हरला कुणी हातही लावलेला नव्हता. हे त्याच दिवशी फोनवर सांगितलं होतं, तरी ‘हॅक’ हा शब्द इथे आला, याचं वाईट वाटतं.

आणि ती ‘दहा मिनिटं’. तुमचा फोन आला दहा वाजून दहा मिनिटांनी. तेव्हाच मी म्हणालो होतो की आयपी लावणं दहा मिनिटांचं काम आहे, पण डोमेनचा लॉगिन तुमच्या भाच्याकडे आहे आणि ओटीपी तुमच्या मोबाइलवर येतो. तुम्ही पालकांच्या मीटिंगमध्ये होतात, दोनदा ओटीपी येऊन मुदत संपून गेला. तरीही १०:४० ला ए रेकॉर्ड बदललेला होता. त्या क्षणापासून माझ्या मोबाइल डेटावर साइट उघडत होती, पालकांपैकी बऱ्याच जणांकडेही उघडत होती. उघडत नव्हती ती तुमच्या ऑफिसच्या वायफायवर. तुमच्याच रिसेप्शनच्या कॉम्प्युटरवर अकरा वाजता काढलेला हा निकाल बघा (नाव आणि आयपी बदलून लिहिलेत):

```
$ dig +noall +answer www.example.com
www.example.com.  79500  IN  A  203.0.113.24
```

यात शेवटी आहे तो जुना आयपी. मधला आकडा म्हणजे ही जुनी माहिती आणखी किती सेकंद धरून ठेवायची ते. पुन्हा कमांड दिली की तो कमी झालेला दिसतो. ७९,५०० सेकंद म्हणजे २२ तास ५ मिनिटं. डोमेन घेताना भाच्याने टीटीएल, म्हणजे ही धरून ठेवायची पूर्ण मुदत, ८६,४०० सेकंद ठेवली होती, म्हणजे २४ तास. सोमवारी नऊ वाजून पाच मिनिटांनी रिसेप्शनवरच्या मॅडमनी साइट उघडली, तेव्हा ए रेकॉर्डमध्ये जुनाच आयपी होता, आणि तुमच्या इंटरनेटवाल्याच्या डीएनएस सर्व्हरने तो तिथून पुढे २४ तास जपून ठेवला. मंगळवारी नऊनंतर तुमच्याकडे साइट आपोआप सुरू झाली ती त्यामुळेच. १०:४० ला मी टीटीएल ३०० केला, पण ज्याने आधीच २४ तासांसाठी उचलून ठेवलंय त्याला ते कळायला मार्ग नसतो. टीटीएल कमी करायचा तर पत्ता बदलण्याच्या आदल्या दिवशी करायचा.

“नवा मिळालेला आयपीच डीएनएसमध्ये टाका ना, फिक्सचं नंतर बघू,” असं तुम्ही म्हणालात. तसं मुद्दाम केलं नाही. पुढच्या शनिवारी पुन्हा कुणी Stop केलं असतं की पुन्हा हीच रड. शिवाय मशीनला Elastic IP, म्हणजे ॲमेझॉनचा फिक्स आयपी, जोडला की आपोआप मिळालेला आयपी लगेच सुटतो आणि तोच फिक्स करून घेता येत नाही, म्हणजे डीएनएस दोनदा बदलावं लागलं असतं. म्हणून आधी मुंबई रीजनमध्ये, जिथे तुमचं मशीन आहे तिथेच, Allocate Elastic IP address केलं, मग Associate करून मशीनला जोडला आणि तोच ए रेकॉर्डमध्ये टाकला. हा आयपी तुमच्या खात्याच्या नावावर आहे. आता शंभर वेळा Stop आणि Start केलंत तरी बदलणार नाही.

राहिले ५०० रुपये. ती आमची एकदाच घ्यायची मजुरी आहे, ॲमेझॉनचं भाडं नाही. आमच्या कोटेशनच्या तिसऱ्या ओळीत ‘फिक्स आयपी’ लिहिलं होतं. त्यावर तुम्ही स्वतः पेनने काट मारलीत, तो कागद फाइलला आहे. आणि गंमत अशी की फिक्स न घेऊन तिकडे बचतही होत नव्हती. १ फेब्रुवारी २०२४ पासून ॲमेझॉन प्रत्येक पब्लिक आयपीव्ही४ साठी तासाला ०.००५ डॉलर घेतं, मग तो फिक्स असो की आपोआप मिळालेला. फरक पडतो तो मशीन बंद असतानाच, कारण फिक्स आयपीचं भाडं तेव्हाही चालू राहतं. शनिवारी रात्री दहा ते सोमवारी साडेआठ म्हणजे साडेचौतीस तास, भाडं सतरा सेंट. यावरून एवढं रामायण झालं, सर.

५०० रुपये परत हवे असतील तर सांगा, पाठवतो. पण ते ‘पैसे काढायचे धंदे’ म्हणून नव्हेत. यापुढे कोटेशन देताना ही ओळ जरा नीट समजावून सांगायचं ठरवलंय, आणि डोमेनच्या लॉगिनचंही काहीतरी बघू.

एक मात्र भाच्याला आठवणीने सांगा. Elastic IPs च्या यादीत हा आयपी दिसेल, बिल कमी करायच्या नादात त्यावर Release करू नका. केलात तर तोच परत मिळेल याची खात्री नाही. आणि मशीन कायमचं Terminate केलंत तर आयपी आपोआप जात नाही, तो खात्यात राहतो आणि भाडं लागत राहतं; तेव्हा मात्र Release करायचा. रिव्ह्यू ठेवायचा की काढायचा ते तुमच्यावर, पण त्यातला ‘हॅक’ तेवढा काढलात तर उपकार होतील.