टायटल फक्त गूगलसाठी असतं, हे खरं नाही

कोल्हापुरातल्या दुकानदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांत फिरणारा मेसेज:

"वेबसाइटच्या पेजचं टायटल हे फक्त गूगलसाठी असतं, गिऱ्हाइकाला ते दिसत नाही. त्यात जेवढे कीवर्ड बसतील तेवढे भरा. अंध लोकांसाठी पानावरचं मोठं हेडिंग आहेच. एकदा चांगलं टायटल बनवलं की तेच सगळ्या पेजेसना लावा, परत हात लावायची गरज नाही."

मला दिसत नाही, म्हणून मी स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर वापरतो. कॉम्प्युटरवर एनव्हीडीए, मोबाईलवर टॉकबॅक. ऑनलाइन खरेदी भरपूर करतो, चप्पलसुद्धा. त्यामुळे या मेसेजमधल्या प्रत्येक वाक्याचा अनुभव मी रोज कानाने घेतो.

पहिलं वाक्य डोळ्यांपुरतं बऱ्यापैकी खरं आहे. चार-पाच टॅब उघडे असले की वर टायटलचे दोन-तीन शब्दच दिसतात, आणि बघणारा माणूस चित्रावरूनच टॅब ओळखतो. माझ्याकडे क्रम उलटा असतो. पान उघडलं की एनव्हीडीए सगळ्यात आधी टायटल बोलतं आणि त्यानंतर मजकुराकडे वळतं. `Ctrl+Tab` दाबून दुसऱ्या टॅबवर गेलो की पुन्हा टायटल. `Alt+Tab` ने बिल बनवायच्या प्रोग्रॅममधून ब्राउझरमध्ये परत आलो की पुन्हा टायटल. मध्येच फोन आला आणि कुठे होतो ते विसरलो, तर `Insert+T` दाबतो, तेव्हाही टायटलच ऐकू येतं. मोबाईलवर टॅबची यादी उघडली की टॉकबॅक प्रत्येक टॅब टायटलनेच सांगतो. बुकमार्क आणि हिस्टरी यांतही तीच ओळ असते. म्हणजे अख्ख्या पेजवर मला सगळ्यात जास्त वेळा ऐकावी लागणारी ओळ हीच.

आता "तेच सगळ्या पेजेसना लावा" हा सल्ला एखाद्या चप्पल दुकानाच्या साइटवर पाळला तर काय होतं ते पाहू. समजा प्रत्येक पेजवर हे आहे:

```
<title>कोल्हापुरी चप्पल, ओरिजिनल कोल्हापुरी चप्पल, बेस्ट कोल्हापुरी चप्पल ऑनलाइन, कोल्हापुरी चप्पल किंमत</title>
```

मला कापशी घ्यायची की कुरुंदवाडी ते ठरवायचं आहे. एका टॅबवर कापशी, दुसऱ्यावर कुरुंदवाडी, तिसऱ्यावर मापाचा तक्ता, चौथ्यावर परत करण्याचे नियम. कापशीचं पान वाचता वाचता माप बघावंसं वाटलं म्हणून `Ctrl+Tab` दाबलं. "कोल्हापुरी चप्पल, ओरिजिनल कोल्हापुरी चप्पल..." पुन्हा दाबलं. "कोल्हापुरी चप्पल, ओरिजिनल..." चारही टॅब एकच वाक्य बोलतात. मग प्रत्येक टॅबमध्ये शिरून थोडा मजकूर ऐकून बघायचा, हा नव्हे, तो नव्हे. बघणाऱ्याला एका नजरेत कळणारी गोष्ट शोधायला मला पाच मिनिटं लागतात, आणि तिसऱ्या फेरीला मी दुसऱ्या दुकानाकडे जातो.

तीच चार पेजेस अशी लिहिली तर:

```
<title>कापशी चप्पल, पुरुष – कोल्हापुरी चप्पल – दुकानाचं नाव</title>
<title>कुरुंदवाडी चप्पल, पुरुष – कोल्हापुरी चप्पल – दुकानाचं नाव</title>
<title>चपलेच्या मापाचा तक्ता – दुकानाचं नाव</title>
<title>चप्पल परत करण्याचे नियम – दुकानाचं नाव</title>
```

आता "कापशी" एवढं ऐकलं की मी `Ctrl` दाबून आवाज थांबवतो आणि कामाला लागतो. पुढचं ऐकायची गरजच पडत नाही. वेगळेपणाचा शब्द सुरुवातीला हवा तो यासाठी. दुकानाचं नाव प्रत्येक पेजवर सारखंच असतं, म्हणून त्याची जागा शेवटी. होम पेजचा अपवाद करा, तिथे दुकानाचं नाव पहिलंच यायला हवं, कारण ते पान दुकानाचंच आहे.

मोठ्या हेडिंगबद्दल. पानावर `<h1>` असणं चांगलंच, आणि पान उघडल्यावर मी `1` दाबून तिथे जातोही. पण ते पानाच्या आत आहे. टॅब बदलला की हेडिंग आपोआप बोललं जात नाही, आणि मी आधी पानाच्या मध्यावर असेन तर परत आल्यावर बहुतेक वेळा तिथेच असतो. अपंगांनाही साइट वापरता यावी यासाठीच्या वेब कंटेंट ॲक्सेसिबिलिटी गाइडलाइन्समध्येही या दोन गोष्टी वेगळ्या नोंदवल्या आहेत. पानाला विषय सांगणारं टायटल हवं, हा निकष 2.4.2, आणि तो सगळ्यात प्राथमिक अशा ए पातळीवर आहे. हेडिंग अर्थपूर्ण असावीत हा 2.4.6, तो त्याच्या वरच्या डबल ए पातळीवर. एक पाळलं म्हणून दुसरं माफ होत नाही. दोन्हींचे शब्द हुबेहूब सारखे असायला हवेत असं मात्र नाही. हेडिंगमध्ये नुसतं "कापशी चप्पल" पुरतं, टायटलला दुकानाची ओळखही लागते, कारण टॅबच्या यादीत आजूबाजूला दुसऱ्या साइट्स असतात.

कीवर्ड भरण्याचा मुद्दा जरा सविस्तर घ्यावा लागेल, कारण त्यात अर्धं सत्य आहे. पान कशाबद्दल आहे हे ठरवताना गूगल टायटल वाचतं, आणि शोधाच्या निकालात जी निळी ओळ दिसते ती बहुतेक वेळा त्यातूनच येते. पण "बहुतेक वेळा" हे लक्षात ठेवा. ती ओळ बनवण्याची नवी पद्धत गूगलने ऑगस्ट 2021 मध्ये आणली. टायटल फार लांब, कीवर्डांनी भरलेलं किंवा सगळ्या पेजेसवर एकच असेल, तर गूगल पानावरच्या हेडिंगमधून किंवा इतर मजकुरातून स्वतःच ओळ बनवू शकतं. त्यांच्या स्वतःच्या मार्गदर्शनात शब्दांची पुनरावृत्ती टाळा, टायटल छोटं आणि नेमकं ठेवा, प्रत्येक पेजला वेगळं द्या, असं स्पष्ट सांगितलं आहे. थोडक्यात, मेसेजमध्ये दिलेली युक्ती ज्याच्यासाठी आहे त्यालाच ती नको आहे. टायटलच्या लांबीला गूगलची अक्षरांची मर्यादा नाही, पण निकालात दाखवताना स्क्रीनच्या रुंदीप्रमाणे ओळ कापली जाते. म्हणजे तिथेही सुरुवातीचे शब्दच दिसतात.

लोक शोधतात काय? "कापशी चप्पल", "कोल्हापुरी चप्पल पुरुष", "चप्पल माप तक्ता". वरची चार टायटलं पुन्हा पाहा, हेच शब्द त्यांत आहेत, फक्त प्रत्येक शब्द ज्या पेजचा आहे त्या पेजवर आहे. मला टॅब ओळखायला जे लागतं आणि शोधणारा जे टाइप करतो, ते बहुधा एकच असतं, कारण दोघेही एकच प्रश्न विचारतात: या पानावर नेमकं काय आहे? आणि मीही शोधणाराच आहे. गूगलच्या निकालात प्रत्येक निकालाची ओळ हेडिंग असते. मी `H` दाबत एकेका निकालावर उडी मारतो आणि मला फक्त ती ओळ ऐकू येते. त्यात "ओरिजिनल बेस्ट ऑनलाइन" आलं की पुढची उडी.

"ओरिजिनल" वरून आठवलं. 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला जीआय मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. तेव्हापासून "जीआय" ही अक्षरं टायटलमध्ये घुसवायची हौस वाढली आहे. मानांकनाची माहिती देणारं वेगळं पान असेल तर त्याच्या टायटलमध्ये ते जरूर घाला. मापाच्या तक्त्यावर त्याचं काय काम?

खरी ओढाताण एकाच ठिकाणी होते, ती लिपीची. मराठी वाचणारे गिऱ्हाईकही शोधताना बरेचदा `kolhapuri chappal` असं टाइप करतात. म्हणून काही जण मराठी पेजच्या टायटलमध्ये रोमन शब्द घालतात. `<title>` च्या आत दुसरा टॅग चालत नाही, त्यामुळे "इथून पुढे भाषा वेगळी" ही खूण तिथे करता येत नाही. माझा मराठी आवाज ते रोमन शब्द काहीतरीच उच्चारतो, कधी अक्षर-अक्षर वाचतो. गूगललाही हे फारसं पसंत नाही. पान ज्या भाषेत आणि लिपीत आहे त्यातच टायटल असावं असं ते सांगतात, आणि जुळत नसेल तर पानाच्या भाषेतली ओळ निवडू शकतात. इंग्रजी गिऱ्हाईक हवं असेल तर इंग्रजी पेज वेगळं करा, त्याला इंग्रजी टायटल द्या. एका ओळीत दोन्ही बसवू नका.

राहिलं शेवटचं वाक्य, परत हात न लावण्याचं. माहितीच्या पेजपुरतं ते चालून जाईल. ऑर्डरच्या फॉर्ममध्ये मात्र फसतं. तीन पायऱ्यांचा फॉर्म आहे, मी पत्ता भरून "पुढे" दाबलं. पिन कोड चुकला म्हणून साइटने तेच पान लाल अक्षरांसह परत दाखवलं. टायटल जुनंच ऐकू आलं, म्हणजे पान पुन्हा उघडलं एवढंच कळलं. का, ते नाही. टायटल असं हवं होतं:

```
<title>चूक: पत्ता – ऑर्डर, 3 पैकी पायरी 2 – दुकानाचं नाव</title>
```

पहिल्याच शब्दात उलगडा झाला. आजकालच्या बऱ्याच साइट्समध्ये पान नव्याने उघडतच नाही, आतला मजकूर तेवढा बदलतो. तिथे डेव्हलपरने प्रत्येक वेळी टायटल बदलायला हवं. नुसतं तेही पुरत नाही, कारण पान नव्याने न उघडता टायटल बदललं तर स्क्रीन रीडर ते बोलेलच असं नाही. म्हणून सोबत फोकस नव्या हेडिंगवर न्यावा लागतो, आणि त्यासाठी त्या हेडिंगला `tabindex="-1"` द्यावं लागतं:

```
document.title = "पत्ता – ऑर्डर, 3 पैकी पायरी 2 – दुकानाचं नाव";
document.querySelector("h1").focus();
```

तुमची साइट तपासायला माझ्यासारखा माणूस शोधायची गरज नाही. एनव्हीडीए फुकट मिळतं. ते सुरू करा, आपल्या साइटची चार पेजेस चार टॅबमध्ये उघडा, मॉनिटर बंद करा आणि `Ctrl+Tab` ने मापाचा तक्ता शोधा. ते नको असेल तर साइटवर थोडं हिंडून ब्राउझरची हिस्टरी उघडा. एकाखाली एक सारख्याच ओळी दिसल्या, तर मला तेच ऐकू येतं.

टायटल बदलल्यावर निकालातली ओळ लगेच बदलली नाही म्हणून घाबरून जुनं परत लावू नका. गूगलला ते पान पुन्हा वाचायला काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. आणि नुसत्या टायटलमुळे दुकान पहिल्या नंबरवर जाईल अशी आशाही धरू नका. क्रम ठरवताना बाकी पुष्कळ गोष्टी बघितल्या जातात.