जळका वास म्हणजे धूळ नव्हे

«डेस्कटॉपमधून जळका वास आला तर घाबरू नका. विंडोज नीट शटडाउन करा, पंख्याची धूळ झाडा, परत चालू करा. चालू झाला की सगळं ठीक. वास मागून येत असेल तर वीज पुरवणारी पेटी, म्हणजे एसएमपीएस गेला, तो बदला.»

असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. शटडाउनची वाट बघूच नका. मध्येच अपडेट लागलं तर पाच मिनिटं जातात, आणि तोवर जळणाऱ्या भागाला करंट मिळत राहतो. बंद झाल्यावरही एसएमपीएस मदरबोर्डला ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा देतच असतो. भिंतीवरचं बटण बंद करा, मग प्लग काढा. यूपीएस असेल तर त्याचंही बटण बंद करा, नाहीतर बॅटरीवर जळणं चालूच राहील. प्लग किंवा एक्स्टेंशन बोर्डच तापला असेल तर हात न लावता मीटरजवळची एमसीबी पाडा. पाणी अजिबात नको. ज्वाळा दिसली किंवा धूर थांबेना, तर घराबाहेर पडून १०१.

धुळीचा वास हलका असतो आणि लगेच विरतो. वायरीचं प्लास्टिक जळलं की घशात खवखवतं आणि तो वास खोलीत टिकून राहतो.

आता «चालू झाला की ठीक» याबद्दल. इंदूरला सुदामा नगरात मामांचा कॉम्प्युटर असाच तीन दिवस वास मारत उत्तम चालला. वास मागच्या जाळीतून येत होता, म्हणून मेकॅनिकने एसएमपीएस बदलायला सांगितला. पण त्या कॅबिनेटमध्ये एसएमपीएस वर बसवलेला आहे, त्याचा पंखा आतली हवा ओढून मागे फेकतो. जळतंय कुठेही, वास तिथूनच येणार. मी सगळं बंद करून लगेच बाजूचा पत्रा काढला. पंखे थांबले की वास उगमापाशीच दाट राहतो, तेव्हा एकेक जागा हुंगता येते. हार्डडिस्कपाशी नाक नेलं आणि सापडलं: एसएमपीएसच्या जुन्या चार पिनांच्या मोलेक्स प्लगवरून डिस्कला लागणारा साटा प्लग करून देणारा स्वस्त अडॅप्टर. काळ्या प्लगवर पिवळ्या वायरीशेजारी प्लास्टिक फुगून तपकिरी झालं होतं.

या अडॅप्टरचा प्लग वायरींवर गरम प्लास्टिक ओतून बनवतात. त्यात १२ व्होल्टची पिवळी वायर आणि काळी ग्राउंड फार जवळ सरकल्या तर कालांतराने मधलं आवरण हार मानतं. करंटची गळती थोडी असेपर्यंत एसएमपीएसचं संरक्षण ती साधा लोड समजतं, म्हणून कॉम्प्युटर बंद पडत नाही.

अडॅप्टर काढून डिस्क एसएमपीएसच्या स्वतःच्या साटा वायरीवर लावली. तशी वायर नसेल, तर मागे वेगळं झाकण बसवलेला अडॅप्टर घ्या.

असं काही दिसलं नाही तर मदरबोर्डचा २४ पिनांचा आणि ग्राफिक्स कार्डाचा कनेक्टर तपकिरी झालाय का बघा, प्रोसेसरभोवतीचे कपॅसिटर फुगलेत का बघा. सगळं स्वच्छ आणि वास एसएमपीएसच्या पेटीतूनच असेल, तर तो अख्खा बदला. उघडू मात्र नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये काही वेळ ३०० व्होल्टच्या वर भार राहू शकतो.