दोन-दहाचं गणित

बांगडीच्या दुकानात पहिला प्रश्न येतो, "ताई, माप काय?" दादरच्या गर्दीत मागून तिघीजणी कोपर खुपसत असतात, त्यामुळे "असेल अडीच-बिडीच" असं ठोकून दिलं जातं. घरी आल्यावर त्या बांगड्या एक तर हात खाली केला की गळून पडतात, नाही तर अंगठ्याच्या मुळाशी ठाण मांडून बसतात.

यात अर्धा दोष शाळेचा आहे. खोक्यावर 2.4, 2.6, 2.8, 2.10 असं छापलेलं असतं आणि दशांश अपूर्णांक मन लावून शिकलेल्या माणसाला 2.10 सगळ्यात लहान वाटतं. बायकोला सरप्राइज देणारे नवरे नेमके इथेच आपटतात. ते टिंब दशांशचिन्ह नाहीच मुळी! आधी पूर्ण इंच, मग इंचाचे सोळावे भाग. रुपयाचे सोळा आणे असत, तसं. 2.4 म्हणजे सव्वादोन इंच, 2.8 म्हणजे अडीच, आणि 2.10 त्याहून मोठं. हे माप बांगडीच्या आतल्या व्यासाचं. जाडजूड कडं बाहेरून मोजलं, तर चार मिलिमीटर जाडीचे दोन्हीकडचे मिळून आठ मिलिमीटर फुकट वाढतात. एका मापाचा फरक असतो जेमतेम सव्वातीन मिलिमीटरचा, म्हणजे तुम्ही दोन-अडीच मापं पुढे गेलात.

दुसरी चूक म्हणजे मनगट मोजणं. बांगडी मनगटावर राहते खरी, पण तिला जायचं असतं पंजावरून. पेचाचं किंवा बिजागरीचं उघडणारं कडं असेल तरच मनगट मोजा. एरवी अंगठा तळहातावर आडवा दुमडून करंगळीच्या मुळाकडे न्या, चारही बोटं जुळवा आणि अंगठ्याच्या सांध्यावरून, जिथे पंजा सगळ्यात रुंद आहे तिथून, कागदाची पट्टी गुंडाळा. पट्टी टेकली पाहिजे, रुतता कामा नये. इलॅस्टिक किंवा लोकर घेऊ नका, ती ताणली जाते आणि तुमच्या मनातलं माप सांगते.

आता एक उदाहरण. पट्टी 19 सेंटिमीटर भरली. 3.14 ने भागलं की व्यास साधारण साठ मिलिमीटर, म्हणजे 2.6. भागाकार नको असेल तर सोपी गंमत लक्षात ठेवा: घेर 17 सेंटिमीटर असेल तर 2.2, 18 ला 2.4, 19 ला 2.6, 20 ला 2.8 आणि 21 ला 2.10. दर सेंटिमीटरला एक माप. साडेएकोणीस भरलं तर काचेसाठी 2.8 घ्या. रुंद, सपाट कडंही एक माप मोठंच घ्यावं, कारण ते तिरकं करून सांध्यावरून वळवता येत नाही. ज्या हाताने काम करता तो मोजा, तो बहुधा किंचित मोठा असतो. आणि मोजा संध्याकाळी. मुंबईच्या दमटात, लोकलचा दांडा धरून घरी आलेला हात सकाळच्या हातासारखा राहिलेला नसतो.

भरताना कासारीण काय करते ते नीट बघा. ती बांगडी ढकलत नाही, हात लहान करते. अंगठ्याच्या मुळाचा मांसल उंचवटा दाबून करंगळीकडे सारते, बांगडी तिरकी धरून आधी करंगळीकडचा सांधा पार करवते, मग अंगठ्याकडची बाजू हलकेच फिरवत उतरवते. आपण घरी अडकतो कारण बांगडीपुढे कातडी गोळा होते. अशा वेळी जोर लावायचा नाही, ती कातडी बांगडीखालून मागे बोटांकडे ओढून घ्यायची. साबणाचा फेस तेलापेक्षा बरा, तेलाने धरणाऱ्याचीच बोटं घसरतात. काचेच्या बांगडीचा जोड आधी बोटाने चाचपा. टोचला तर ती बांगडी बाजूला ठेवा, ओरखडा तिथूनच येतो. आणि भरायची एकेकच. डझनभर एकदम सरकवली की मधली एखादी तडकते आणि आजी म्हणते, "वाढली गं!" खरं तर वाढलेला असतो हात.

खड्यांच्या किंवा मुलामा दिलेल्या कड्याला साबण नको. पातळ पिशवी हातमोज्यासारखी घाला, तिच्यावरून कडं सरकवा, मग पिशवी बोटांकडून ओढून काढा. राज्यात 2018 पासून प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आहे, पण प्रत्येक घरात पिशव्यांनी भरलेली एक पिशवी असतेच.

अडकलंच, तर ओढाताण थांबवा, तिने सूज वाढते. हात डोक्याच्या वर पाचेक मिनिटं धरा, गार पाण्यात बुडवा, मग फेस लावून पुन्हा अंगठा दुमडा. धातूचं कडं तरीही हलेना, तर सोनाराकडे कापायची हत्यारं असतात. बोटं निळसर किंवा बधिर झाली असतील, तर मात्र सोनाराच्या आधी डॉक्टर.