पायावर भार देऊ नये

बाथरूममध्ये घसरलो, उजवा हात टेकला, मनगट मोडलं. तळव्याच्या बाजूने चिरून प्लेट आणि स्क्रू बसवले. हे इतक्यात उरकतो, कारण खरा अपघात त्यानंतरचा: डिस्चार्ज कार्ड.

पहिलीच सूचना : 'पायावर भार देऊ नये.' काउंटरवरच्या मुलीला प्लास्टर दाखवलं. "सर, तो फॉरमॅटच आहे," ती म्हणाली. बिलाला मात्र फॉरमॅट नव्हता. त्यात कापसाचा बोळासुद्धा स्वतंत्र मोजला होता.

कामाचं वाक्य खाली, मुंगीच्या अक्षरात : 'बोटांची हालचाल चालू ठेवावी, हात उंच ठेवावा.' किती, कशी, किती वेळा? फॉरमॅट गप्प. आणि तिथे नाना आले.

नाना म्हणजे आमच्या मजल्यावरचे निवृत्त हेडक्लार्क. त्यांनी कार्ड चष्मा वर करून वाचलं, मग चष्मा खाली करून वाचलं. "हालचाल? अहो, आत स्क्रू आहेत! बोट हललं की स्क्रू सैल. माझ्या साडूचा टेबलफॅन असाच सुटला होता."
"नाना, तो पंखा."
"स्क्रू तो स्क्रूच!"
मग त्यांनी स्वतःच्या हाताने माझी झोळी गळ्यात घट्ट बांधली, हात पोटाशी लोंबता, आणि बोटं हलवली तर बघा, असा दम देऊन दोन कप चहा प्यायले. मीही ऐकलं. दुखत होतं ना! न हलवायला कुणीतरी कारण दिलं, तर माणूस ते घेतोच.

चार दिवसांत बोटांची वांगी झाली. टाके काढायला चौदाव्या दिवशी गेलो, तर मूठ वळेना. फिजिओथेरपीवाल्या बाईंनी विचारलं, "बोटं कुणी थांबवली?" नानांचं नाव कसं सांगणार! त्यांनी समजावलं : प्लेट मनगटाच्या हाडाला घट्ट बसलीय, बोटं हलवून ती सुटत नाही. उलट हात छातीच्या खाली लोंबला की सूज साचते, सांधे आखडतात. म्हणून दर तासाला दहा वेळा पूर्ण मूठ, पूर्ण पंजा, अंगठा प्रत्येक बोटाला. कोपर, खांदाही हलवायचे, नाहीतर तेही रुसतात. सहाव्या आठवड्याच्या एक्स-रेपर्यंत चहाच्या कपापेक्षा जड काही उचलायचं नाही. बोटं निळी-गार पडली, मुंग्या वाढल्या, गोळी घेऊनही ठणका चढत गेला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता थेट यायचं.

मी म्हटलं, "हे कार्डावर का नाही?" त्या म्हणाल्या, "आहे की. 'त्रास झाल्यास संपर्क साधावा.'"

काल नाना पुन्हा आले, झोळी कुठे गेली म्हणून रागावले. मी मूठ वळून दाखवली. अजून पाऊणच वळते, नाहीतर नानांना पूर्ण दाखवली असती.