फायद्यातला शॉर्ट बंद झाला, त्याबद्दल

क्रिप्टो एक्स्चेंज तुमचा फायद्यातला शॉर्टही बंद करू शकतं, असं मी लिहिलं होतं. त्यावर वाचकाची प्रतिक्रिया: "दादा, उगाच घाबरवताय. हेज केलेलं असेल आणि शॉर्ट फायद्यात असेल, तर एक्स्चेंज ते कशाला बंद करेल? इन्शुरन्स फंड असतो ना! एनएसईवर असं कधी होत नाही."

अहो, मीही हेज करूनच झोपलो होतो. ११ ऑक्टोबर २०२५, पहाटे पावणेतीनच्या सुमाराची पडझड. एका छोट्या कॉइनचे १००० नग माझ्याकडे स्पॉटमध्ये, आणि तेवढाच शॉर्ट, म्हणजे भाव पडला की फायदा देणारा सौदा, दुसऱ्या एका एक्स्चेंजवर पर्पेच्युअलमध्ये, म्हणजे मुदत नसलेल्या फ्युचरमध्ये. दोन्ही १० डॉलरला. सकाळी कोथरूडच्या घरात चहा ठेवला, मोबाइल पाहिला, तर शॉर्ट गायब. हिस्टरीत ८ डॉलरला 'ADL', म्हणजे ऑटो-डीलिव्हरेजिंग: एक्स्चेंजने स्वतःहून बंद केलेली पोझिशन.

झालं असं की कुणाचा तरी लाँग बुडाला आणि त्याचं सगळं मार्जिन ८ डॉलरलाच संपत होतं. हाच त्याचा बँकरप्सी प्राइस. बाजारात मात्र गिऱ्हाईक होतं ७.२० ला. मधले ८० सेंट इन्शुरन्स फंडाने भरायचे. पण हा फंड साठतो कशातून? लिक्विडेशन, म्हणजे बुडणाऱ्याची पोझिशन सक्तीने बंद करणं, बँकरप्सी प्राइसपेक्षा बऱ्या भावाला झालं की उरलेल्या मार्जिनमधून. एकाच वेळी हजारो लाँग बुडाले की तो पुरत नाही. मग एक्स्चेंज बुडालेला लाँग समोरच्या शॉर्टशी थेट ८ ला जुळवून दोन्ही मिटवतं. म्हणजे बाजार ७.२० असताना माझी खरेदी ८ ला. बुडालेल्याकडून मार्जिनपलीकडे वसुली नाही, मग माझा पुढचा फायदा देणार कोण?

मीच का? रांग लागते: फायद्याची टक्केवारी गुणिले प्रत्यक्ष लिव्हरेज. फायदा सगळ्याच शॉर्टवाल्यांना होता, पण बाकीचे पैसे स्पॉटमध्ये अडकलेले म्हणून मी शॉर्टखाली मार्जिन अगदी पातळ ठेवलं होतं. त्यामुळे रांगेत पुढे. स्क्रीनवर त्याचे पाच दिवे असतात, माझे पाचही पेटलेले असणार. मी कधी बघितलेच नव्हते.

खरा फटका त्यानंतरचा. शॉर्टमध्ये २००० डॉलर मिळाले, पण स्पॉट उघडा पडला. तो सकाळी ६.५० ला विकला, तोटा ३५००. हेज असूनही निव्वळ १५०० गेले.

एनएसईचं म्हणाल तर तिथली रचनाच वेगळी. क्लिअरिंग कॉर्पोरेशन मध्ये उभी असते, मागे ब्रोकर आणि सेबीच्या नियमांनुसार उभारलेला कोअर सेटलमेंट गॅरंटी फंड. कुणी थकवलं तर तोटा त्या साखळीतून भरला जातो. क्रिप्टो पर्पेच्युअलला अशी साखळी नाही, मध्ये सहसा ब्रोकरही नसतो.

आता शॉर्टखाली जास्त मार्जिन ठेवतो, चौथा दिवा पेटला की पोझिशन अर्धी करतो. शॉर्ट बंद झाल्याचा अलर्ट इतका मोठा लावलाय की बायको म्हणते, हा बाहेरच्या खोलीत ठेव.