सोबत : वरीलप्रमाणे

सर्व सहकाऱ्यांस,

हे पत्र मी मुद्दाम कागदावर छापून शिपायाच्या हाती प्रत्येक केंद्रावर पाठवत आहे. ईमेलने पाठवले असते, तर ते ‘योग्य त्या कार्यवाहीस्तव’ असा शेरा घेऊन संध्याकाळपर्यंत माझ्याकडेच परत आले असते.

विषय आहे दारव्हा तालुक्यातून आलेल्या सोयाबीनच्या उगवणीच्या तक्रारीचा. आपल्या केंद्रावरून बियाणे नेलेल्या एका शेतकरी भाऊंच्या वावरात पेरणीला आठवडा उलटून गेला, तरी तासातून तुरळकच रोपे वर आली. अशा तक्रारीसोबत खरेदीची पावती, सातबारा आणि पिशवीचा टॅग पाठवायचा असतो. त्यातही तक्रारीचा जीव टॅगमध्ये असतो, कारण त्यावरचा लॉट क्रमांक पावतीवरच्या क्रमांकाशी जुळला नाही, तर बियाणे आपले नव्हेच, असे म्हणायला पुरवठादार मोकळा होतो. केंद्रावरच्या मुलाने हे तिन्ही कागद पहिल्याच मेलला नीट जोडले होते. हे आवर्जून नमूद करतो, कारण पुढच्या सगळ्या प्रवासात कौतुक करण्याजोगे एवढेच घडले आहे.

तो मेल क्षेत्र अधिकाऱ्यांकडे गेला. त्यांनी रिप्लाय दाबून ‘पाहिले. सोबतची कागदपत्रे योग्य वाटतात’ असे लिहिले आणि त्या उत्तरात गोदामपालांचाही पत्ता घातला. रिप्लाय केल्यावर जुना मजकूर खाली लटकत येतो, पण जोडलेल्या फाइली येत नाहीत. गोदामपालांनी मग ते उत्तरच लेखा विभागाला फॉरवर्ड केले. फॉरवर्ड केल्यावर फाइली पुढे जातात हे खरे असले, तरी ज्या मेलवर आपण बोट ठेवतो त्याच मेलच्या जातात, आणि या मेलला मुळात काही जोडलेलेच नव्हते. लेखा विभागाने ‘सोबत जोडल्याप्रमाणे’ असा शेरा मारून मेल माझ्याकडे रवाना केला. थोडक्यात, वरात वाजतगाजत मांडवात पोहोचली आणि नवरदेव जानोशावरच राहिला. एकाच मेलमध्ये ‘सोबत’ हा शब्द सर्वांच्या सहीनिशी आणि कागदाची पिनसुद्धा कुठे नाही, असा दस्तऐवज मी तरी प्रथमच पाहिला.

मी फोन केला तेव्हा एका सहकाऱ्यांनी, ‘म्या तं लावला होता जी, कुठं गेला काय मालूम!’ असे सांगितले. त्यांच्या सचोटीबद्दल मला शंका नाही. त्यांनी आपल्या पडद्यावर टॅग खरोखरच पाहिला होता, परंतु आपण पाहिला म्हणजे पुढच्यालाही दिसतो, असा नियम अद्याप झालेला नाही. त्यानंतर मला ड्राइव्हची लिंक मिळाली. ती उघडली असता परवानगी मागा, असा आदेश आला. परवानगी देणारे गृहस्थ तेव्हा नेटवर्क नसलेल्या गावी पंचनाम्याला गेले होते. शेवटी व्हॉट्सॲपवर टॅगचा फोटो आला. तो इतक्या जणांच्या हातून दाबून दाबून आला होता, की लॉट क्रमांकातला एक आकडा तीन आहे की आठ, यावर कार्यालयात दोन तट पडले.

हे सगळे चालू असताना पाऊस पडून गेला होता आणि वावराला वाफसा आला होता. दुबार पेरणीसाठी वावर मोडले, की तालुका तक्रार निवारण समितीला पाहण्यासारखे काहीच उरत नाही, आणि वाफसा काही आपल्या मेलसाठी थांबत नाही. भाऊंनी शहाणपण करून धुऱ्याकडची काही तासे तशीच राखली, म्हणून पंचनामा होऊ शकला. यात आपल्या कार्यालयाचे श्रेय शून्य आहे.

तेव्हा यापुढे कागद पुढे पाठवायचा असेल, तर साखळीतल्या शेवटच्या उत्तरावर नव्हे, तर ज्या मूळ मेलला फाइली आहेत तो उघडून तोच फॉरवर्ड करावा. पाठवल्यावर सेंटमध्ये जाऊन आपलाच मेल उघडावा आणि फाइल तिथे दिसते का, ती उघडते का, हे पाहावे. याला लागणारा वेळ चहा येण्याची वाट पाहण्यापेक्षा कमी आहे. जीमेलमध्ये २५ एमबीपेक्षा मोठी फाइल आपोआप ड्राइव्हची लिंक होऊन जाते. अशा वेळी ती पाहण्याची परवानगी समोरच्याला दिलेली असावी. टॅगचा फोटो व्हॉट्सॲपने पाठवणे भागच असेल, तर तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, म्हणजे आकडे शाबूत राहतात.

आणखी एक. ‘सोबत’ लिहिण्यापूर्वी कागदांची नावे लिहावीत : पावती, टॅग, सातबारा. नावे लिहिली, की पुढच्या माणसाला काय गहाळ आहे ते कळते, आणि मेल पुढे ढकलण्याऐवजी तो मागे फोन करतो. ज्यांच्याकडे फाइल पोहोचली नाही त्यांनी त्याच दिवशी पाठवणाऱ्याला फोन करावा; शेरा मारून पुढे पाठवू नये. बियाणे विकतानाच टॅगचा स्वच्छ फोटो काढून पावतीच्या क्रमांकाने जपून ठेवण्याचे काम आजपासून गोदामपालांकडे देत आहे.

आपला,
व्यवस्थापक